फेब्रुवारीचे धुरके, आषाढाचा ढग

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर फेब्रुवारीतल्या निरभ्र दुपारी उभे राहावे, हात लांब करावा आणि सूर्याची तबकडी पूर्ण झाकली जाईल असा अंगठा आडवा धरावा. सूर्याकडे थेट मात्र बघू नये. बघायचे आहे ते अंगठ्याच्या कडेला लागून असलेले आकाश. हवा स्वच्छ असेल तर निळा रंग थेट अंगठ्यापर्यंत येऊन भिडतो. फेब्रुवारीत तसे सहसा होत नाही. अंगठ्याभोवती दुधी, किंचित पिवळसर उजेड पसरलेला दिसतो, आणि निळेपणा शोधायला नजर बरीच वर न्यावी लागते. समुद्राकडे पाहिले तर पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. हाच प्रयोग पावसाळा नुकताच ओसरल्यावर, एखाद्या उघडिपीच्या दिवशी केला तर क्षितिजाची रेघ पट्टीने आखल्यासारखी दिसते.

फरक पाडणारी वस्तू म्हणजे हवेत तरंगणारे कण. त्यांना शास्त्रात एरोसॉल म्हणतात, आपण वायुकण म्हणू. बहुतांशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असलेल्या या कणांत कोळशातल्या आणि डिझेलमधल्या गंधकापासून बनलेले सल्फेट असते, चुली, वाहने आणि भट्ट्यांतली काजळी असते, जळालेल्या पालापाचोळ्याचा तपकिरी सेंद्रिय धूर असतो, धूळ असते, समुद्राच्या फेसातून उडालेले मीठही असते. कोकण यातून मोकळे नाही. मार्च-एप्रिलमध्ये सड्यांवरच्या वाळल्या गवतात वणवे लागतात, आणि पेरणीआधी भाताच्या रोपांसाठी शेण, कवळ, पातेरा पसरून राब भाजले जातात. पण भाट्याच्या किनाऱ्यावरून दिसणारे सगळे धुरके रत्नागिरीचे नव्हे. हिवाळ्यात वरच्या हवेत वारा ईशान्येकडून, म्हणजे देशावरून समुद्राकडे वाहत असतो. किनाऱ्याला ओळखीचा असलेला पहाटेचा मतलई वाराही त्याच दिशेला ढकलतो. दख्खनचा, माळव्याचा आणि त्यापलीकडच्या गंगेच्या मैदानाचा धूर घेऊन ही हवा अरबी समुद्रावर उतरते. पाऊस नसला की असा कण साधारण आठवडाभर हवेत टिकतो. सेकंदाला पाच मीटरचा साधा वारा धरला तरी तेवढ्या अवधीत तो तीन हजार किलोमीटर जातो.

हे केवढे मोठे आहे याचा नीट अंदाज आला तो 1999च्या जानेवारी ते मार्च या काळात. व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्या पुढाकाराने ‘इंडोएक्स’ ही हिंदी महासागरावरची मोहीम झाली. जहाजे, विमाने, उपग्रह अशी सगळी सामग्री एकाच वेळी कामाला लावली होती. भारताचे ‘सागर कन्या’ हे जहाजही त्यात होते. जमिनीवरचे मुख्य ठाणे होते मालदीवमधल्या काशिधू या बेटावर. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर काशिधू आणि रत्नागिरी जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, मधे सुमारे तेराशे किलोमीटर पाणी. त्या बेटावर ना कारखाने, ना रहदारी; तरी तिथल्या हवेत काजळी सापडली. बारीक कणांच्या एकूण वजनात तिचा वाटा दहा टक्क्यांच्या वर होता. उपखंडावर आणि लगतच्या समुद्रावर मिळून धुरक्याने सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरचा पट्टा झाकला होता.

आता हे धुरके उन्हाचे काय करते ते पाहू. वायुकणांचा दाटपणा मोजायचा एक आकडा असतो. धुरकट दिवशी तो 0.5 आणि सूर्य डोक्यावर धरला, तर दृश्य प्रकाशाच्या दर शंभर भागांपैकी 61 भाग सरळ वाटेने खाली पोहोचतात आणि 39 वाटेत कणांवर आदळतात. म्हणून अशा दिवशी सावलीची कड बोथट दिसते. पण ते 39 भाग वाया जात नाहीत. बहुतेक जरासे वाकून जमिनीवरच येतात; अंगठ्याभोवतीचा तो दुधी उजेड म्हणजे हेच वाकलेले किरण. आपल्याकडच्या काजळीमिश्रित हवेत ढोबळमानाने चार-पाच भाग परत अवकाशात फेकले जातात आणि चार-पाच भाग काजळी पिऊन टाकते. जमिनीचे नुकसान या दोन्हींची बेरीज. अंतराळातून पाहणाऱ्याला मात्र फक्त पहिला हिस्सा दिसतो.

याच जागी इंडोएक्सने जुन्या समजुतीला धक्का दिला. त्याआधी वायुकणांचा विचार करताना मनात युरोप-अमेरिकेतले पांढरे सल्फेट असे. ते आरशासारखे वागते: जेवढे वर परतवले तेवढेच खाली कमी झाले. उत्तर हिंदी महासागरावर हिशेब तसा जमेना. निरभ्र आकाशाच्या सरासरीत समुद्राच्या पृष्ठभागी दर चौरस मीटरला वीस-एक वॅट ऊर्जा कमी पोहोचत होती, पण वातावरणाच्या माथ्यावर परत गेलेली ऊर्जा त्याच्या साधारण एक तृतीयांशच होती. उरलेली दोन तृतीयांश मधल्या हवेतच अडकत होती. म्हणजे खाली पाणी आणि जमीन थोडी गार, आणि वर दोन-तीन किलोमीटरचा हवेचा थर थोडा गरम.

पावसाच्या दृष्टीने ही मांडणी दोन्हीकडून वाईट. एक म्हणजे खालून गरम आणि वरून गार असेल तरच हवा उसळून वर जाते. इथे उलट ढकलणे चालू आहे. दुसरे, समुद्राच्या पाण्याची वाफ करायला ऊर्जा लागते. दिवसाला एक मिलिमीटर पाणी उडवायला दर चौरस मीटरला सुमारे 29 वॅट सतत मिळावे लागतात. वीस वॅटची सगळी तूट बाष्पीभवनातूनच भरून काढायची म्हटले तर दिवसाला सुमारे 0.7 मिलिमीटर वाफ कमी. प्रत्यक्षात तसे सरळ होत नाही. समुद्र आधी थोडा थंड होतो, वारा बदलतो, तुटीचा काही भाग इतर मार्गांनी भरला जातो. तरीही तुटीचा आकार कळायला हे गणित पुरेसे आहे.

जमिनीवरच्या मोजणीतही हे उतरले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या, म्हणजे आयआयटीएममधल्या, पद्मा कुमारी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या 12 केंद्रांच्या 1981 ते 2004 या काळातल्या नोंदी तपासल्या. जमिनीवर पोहोचणारे ऊन दर वर्षी सरासरी 0.86 वॅटने घटत होते. दोन दशकांत मिळून हा आकडा इंडोएक्सने मोजलेल्या तुटीच्या जवळ जातो. यात ढगांचाही हात असतो, त्यामुळे सगळा दोष धुरक्यावर टाकता येत नाही; पण दिशा तीच आहे.

ऑगस्ट 2002मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘आशियाई तपकिरी ढग’ या नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या वर्षी जुलै जवळपास निम्मा कोरडा गेला होता आणि पूर्ण मोसमात 19 टक्के तूट राहिली. अहवाल आणि कोरडा जुलै या दोन्ही बातम्या एकाच सुमारास वाचणाऱ्याने धुरके आणि दुष्काळ यांची सांगड घालणे स्वाभाविकच होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्याला हरकत घेतली. गाडगीळ मूळच्या पुण्याच्या. मॉन्सूनचा अभ्यास हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांचा मुद्दा, मला वाटते, आजही प्रत्येक मांडणीला लावून पाहावा असा आहे: धुरके जानेवारी ते मार्चमध्ये दाट असते आणि पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. शिवाय पहिल्या सरींनी हवा धुऊन निघते. मग फेब्रुवारीतल्या कणांनी जुलैतला पाऊस कसा अडवावा? देशाच्या एकूण पावसात शंभर-सव्वाशे वर्षांत ठळक उतारही दिसत नव्हता. आशियाचेच नाव कशाला, असाही वाद झाला आणि पुढे त्या प्रकल्पाने नावातला आशिया काढून ‘वातावरणीय तपकिरी ढग’ असे सर्वसाधारण नाव घेतले.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे दोन मार्ग पुढे आले. पहिला समुद्रातून जातो. हवा आठवडाभरात विसरते, पण समुद्राचा वरचा थर महिनोन्‌महिने आठवण ठेवतो. हिवाळा-उन्हाळ्यात उत्तर हिंदी महासागराला ऊन कमी मिळाले तर मे संपेपर्यंत त्याचे पाणी जेवढे तापायला हवे तेवढे तापत नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचे पाणी धुरक्याबाहेर असल्याने नेहमीसारखेच राहते. मॉन्सूनचे वारे वाहतात ते उत्तर तापलेली आणि दक्षिण गार या फरकावर. तो फरक बोथट झाला की वाऱ्याचा जोर घटतो. रामनाथन आणि सहकाऱ्यांनी 2005मध्ये हीच साखळी गणिती प्रतिमानात मांडली. दुसरा मार्ग थेट पावसाळ्यातला आहे. किनाऱ्यावर हवा धुतली जाते हे खरे, पण उत्तरेच्या मैदानात पाऊस खंडित झाला की कण लगेच पुन्हा साचतात, आणि पूर्ण मोसमभर तिथले ऊन थोडे कमीच राहते. 2011मध्ये ‘सायन्स’मध्ये बोलासिना, मिंग आणि रामस्वामी यांनी दाखवले की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य आणि उत्तर भारतातला पाऊस घटला तो त्यांच्या प्रतिमानात फक्त हरितगृह वायू घालून घटत नाही. माणसाने सोडलेले वायुकण घातले की घटतो.

एवढे झाल्यावर ढगात शिरायला हरकत नाही, कारण वायुकणांचे दुसरे काम तिथे चालते.

वाफ हवेत आपली आपण थेंब बनत नाही. प्रत्येक थेंबाला टेकायला एक कण लागतो. त्याला ढगबीज म्हणू. आता एक घनमीटर ढगात अर्धा ग्रॅम पाणी आहे असे धरा. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत घनसेंटिमीटरला साधारण शंभर ढगबीजे असतात. अर्धा ग्रॅम पाणी त्यांच्यात वाटले तर प्रत्येक थेंबाची त्रिज्या 10.6 मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धुराळलेल्या हवेत आठशे ढगबीजे असली तर पाणी तेवढेच, वाटेकरी आठपट, आणि त्रिज्या बरोबर निम्मी: 5.3 मायक्रॉन. परातीत पीठ तेवढेच ठेवून उंडे आठपट करावेत तसे हे आहे. त्रिज्या निम्मी झाल्याने एका थेंबाचे उन्हापुढचे क्षेत्र चौथाई होते, पण थेंब आठपट असल्याने एकूण क्षेत्र दुप्पट भरते. मध्यम जाडीचा जो ढग शंभरातले चाळीस-पंचेचाळीस भाग ऊन परतवत होता, तो आता साठच्या आसपास परतवतो. ढग अधिक पांढरा दिसतो आणि खालची जमीन अधिक सावलीत जाते. शॉन ट्वोमी या शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात हा परिणाम मांडला.

उजेडाचे हे झाले. पावसाचे गणित आणखी कडक आहे. ढगातला थेंब एवढा बारीक असतो की तो पडतच नाही. पावसाचा एक थेंब व्हायला असे लाखो थेंब एकमेकांवर आदळून मिसळावे लागतात. बारीक थेंब एकमेकांना चुकवून हवेबरोबर बाजूने निसटतात. त्रिज्या साधारण 14 मायक्रॉनच्या आसपास पोहोचली की टक्करी जुळू लागतात आणि मग पाऊस झपाट्याने तयार होतो. शंभर थेंबांच्या ढगाला 14 मायक्रॉन गाठायला घनमीटरला सव्वा ग्रॅमहूनही कमी पाणी पुरते. आपल्याकडच्या उबदार ढगात तळापासून दर किलोमीटरला साधारण दोन ग्रॅम पाणी वाढते, म्हणजे सहाशे मीटर जाडीचा ढगही बरसू शकतो. आठशे थेंबांच्या ढगाला त्याच्या आठपट, नऊ ग्रॅमच्या वर पाणी लागेल. त्यासाठी ढग साडेचार किलोमीटरहून जाड हवा. कोरडी हवा मिसळत गेल्याने प्रत्यक्षात एवढे पाणी साठत नाही, त्यामुळे गरज याहूनही मोठी ठरते.

हे फक्त कागदावर नाही. आयआयटीएमने 2009पासून ‘कायपीक्स’ या मोहिमेत उपकरणांनी भरलेले विमान देशभरच्या ढगांतून खालून वर फिरवले. ढगाच्या तळाशी थेंबांची संख्या जितकी जास्त, तितकी पाऊस सुरू व्हायला लागणारी जाडी जास्त, आणि तीही जवळजवळ सरळ प्रमाणात, असे त्यात आढळले. 2012मध्ये याच संस्थेने महाबळेश्वरला उंचावरची ढगभौतिकी प्रयोगशाळा सुरू केली. ती जागा साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेले ढग तिथे जमिनीला टेकून उपकरणांच्या आरपार जातात, त्यामुळे विमान न उडवता दिवसेंदिवस थेंब मोजता येतात.

मग रत्नागिरीच्या पावसाचे काय? इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा उथळ ढगांतून येतो. सह्याद्रीच्या अलीकडे हवा उचलली जाते, ढग तीन-चार किलोमीटरपलीकडे जात नाही, त्यात बर्फ क्वचितच असते आणि तरीही धो-धो ओततो. वर सांगितलेले गणित अशा ढगांना सर्वांत जास्त लागू पडावे, कारण त्यांच्याकडे वाढायला उंची नसते. पण आषाढातल्या नैर्ऋत्य वाऱ्यात देशावरचा धूर नसतो. तो वारा हजारो किलोमीटर पाण्यावरून आलेला असतो, त्यातली ढगबीजे मोजकी असतात, आणि लाटांच्या फेसातून उडालेले मिठाचे मोठे कण त्यात असतात. असा एकेक कण सुरुवातीपासूनच टपोरा थेंब बनवतो आणि तो बाकीच्यांना गोळा करत खाली येतो. मॉन्सून जोरात असताना रत्नागिरीच्या डोक्यावरच्या ढगाला धुराची बाधा फारशी होत नाही. बाधा व्हायची तर ती खंडाच्या दिवसांत, वाऱ्याचा जोर मोडल्यावर, किंवा जूनच्या आधीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात. ‘प्रदूषणामुळे कोकणातले ढग बरसत नाहीत’ असे विधान कोणी केले तर त्याला आधी महिना आणि वाऱ्याची दिशा विचारावी.

त्यामुळे कोकणापुरते बोलायचे तर ढगातल्या थेंबांपेक्षा समुद्रावरचे ऊन आणि वाऱ्याचा जोर हा मार्ग मला अधिक वजनाचा वाटतो. घाटावरचा पाऊस वाऱ्यावर तोललेला आहे. वारा किती वेगाने डोंगरावर आदळतो यावर हवा किती उचलली जाईल ते ठरते, आणि मॉन्सूनचे चक्र थोडे सैल झाले तरी त्याचा परिणाम इथे लगेच दिसतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा हवामानबदलावरचा अहवाल 2020मध्ये आला, आर. कृष्णन हे त्याच्या संपादकांपैकी एक आणि तेही आयआयटीएमचेच. 1951 ते 2015 या काळात देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, आणि घट ठळक आहे ती गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात, असे त्यात नोंदवले आहे. 2002मध्ये न दिसलेला उतार इथे दिसतो याचे एक कारण कालखंडाची निवड हे आहे. 1950चे दशक चांगल्या पावसाचे होते, आणि तिथून मोजले की उतार अधिक दिसतो.

या 6 टक्क्यांवर हक्क सांगणारे इतरही आहेत. आयआयटीएमचेच रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2015मध्ये हिंदी महासागराच्या झपाट्याने तापण्याकडे बोट दाखवले. पाणी तापले की जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि मॉन्सून ढिला पडतो. बदललेली शेती, सिंचन, तुटलेली जंगले आणि मॉन्सूनचे स्वतःचे दशकांचे चढउतारही आहेत. धुरके यातला एक भागीदार आहे, बहुधा मोठा, पण त्याचा हिस्सा टक्क्यांत सांगणाऱ्या प्रतिमानांचे आपापसात एकमत नाही. धुळीसारखे कण तर उलटाही परिणाम करू शकतात. अरबस्तानातून आलेली धूळ अरबी समुद्रावरची हवा तापवते आणि आठवडाभरात मध्य भारताकडे ओलावा ओढते, असे विनोज आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये मांडले.

प्रयोगच करून पाहायचा तर देशभराचा धूर काही आठवडे बंद करावा लागेल. 2020च्या मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदीने ते जवळजवळ घडवून आणले. उत्तर भारतावरचे वायुकण उपग्रहांना स्पष्टपणे घटलेले दिसले, कारण आठवडाभराचे आयुष्य असलेली वस्तू पुरवठा थांबला की महिन्याभरात विरते. आयआयटीएमच्या सुवर्णा फडणवीस आणि सहकाऱ्यांनी ती घट प्रतिमानात घातली, तेव्हा जमिनीवर ऊन वाढले आणि मॉन्सूनचा पाऊसही वाढला. त्या वर्षी प्रत्यक्षात देशात सरासरीच्या 109 टक्के पाऊस झाला. जमेल तेवढा पुरावा इथे मिळाला असे म्हणावे, तर आदले वर्ष आडवे येते: 2019मध्ये टाळेबंदी नव्हती, चुली, कारखाने, गाड्या सगळे नेहमीसारखे धूर सोडत होते, आणि पाऊस झाला 110 टक्के.